सोमवारी, सकाळी, रात्री: वर्कशीटमध्ये इन, ऑन, ॲट निवडायचं कसं

मी फोंड्याला पाचवी ते आठवीच्या मुलांची इंग्रजीची ट्युशन घेते. गोव्यात बरीच मुलं चौथीपर्यंत मराठी नाहीतर कोंकणी माध्यमात शिकतात आणि पाचवीला एकदम इंग्रजी माध्यम सुरू होतं, त्यामुळे प्रिपोझिशनचं वर्कशीट पहिल्यांदा हातात येतं तेव्हा पोरं अक्षरशः गोंधळून जातात. वीस गाळलेल्या जागा, प्रत्येकीखाली चार पर्याय, आणि चारही पर्याय कानाला सारखेच. घरी आईबाबा बसवतात अभ्यासाला पण त्यांनाही सांगता येत नाही की हेच का आणि ते का नाही, मग "असंच असतं, पाठ कर" म्हणून विषय संपतो. हा लेख अशा पालकांसाठी, नव्याने शिकवायला लागलेल्यांसाठी, आणि मोठ्या वयात इंग्रजी सुधारायला घेतलेल्यांसाठी.

मागच्या वर्षी सहावीतल्या एका मुलीचं वर्कशीट मी नीट बघितलं. वीसपैकी नऊ चुका. तिने सकाळसाठी "इन द मॉर्निंग" बरोबर लिहिलं होतं, पण पुढे "इन मंडे" आणि "इन नाईट" पण लिहिलं होतं. मी विचारलं, बाय, हे तिन्ही सारखं कसं काय? तर ती म्हणाली, "टीचर, सकाळी, सोमवारी, रात्री. सगळ्यांना ई लागते ना?"

आणि ती अगदी बरोबर बोलत होती. शाळेत आपण सप्तमी विभक्ती पाठ करतो ना, त, ई, आ, त्यातलीच ही ई. सकाळी, दुपारी, रात्री, सोमवारी, शुक्रवारी, शिवाय घरी, दारी सुद्धा. मराठीत वेळ दिवसाचा भाग आहे की अख्खा दिवस आहे याने काही फरक पडत नाही, एकच प्रत्यय चालतो. इंग्रजी मात्र याच तीन शब्दांना तीन वेगवेगळी प्रिपोझिशन्स लावतं: इन द मॉर्निंग, ऑन मंडे, ॲट नाईट. म्हणजे त्या मुलीने जो एक प्रत्यय बघितला तो मराठीत खरोखरच एक आहे, चूक एवढीच की तिने तो सरळ इंग्रजीत नेला.

कोंकणीतही तसंच, सकाळीं आणि रातीं यांचा शेवट एकसारखा, आयतारा म्हणजे रविवारी, ते मात्र वेगळं, पण तिथेही इंग्रजीसारखे तीन भाग पडत नाहीत. आणि कोणाला वाटेल की इंग्रजीच्या तीन भागांमागे काहीतरी जगभरचं लॉजिक असेल, तर इंग्रजीची सख्खी बहीण म्हणावी अशी जर्मन बघा. जर्मनमध्ये सकाळी म्हणजे "आम मोर्गन" आणि सोमवारी म्हणजे "आम मोंटाग", दोन्हीला सारखं आम, पण रात्री म्हणजे "इन देअर नाख्ट". इंग्रजी सकाळला इन लावतं आणि रात्रीला नाही, जर्मन बरोब्बर उलट करतं. रात्र दोन्हीकडे तेवढीच लांब असते. त्यामुळे "ॲट नाईट का?" याला निसर्गातलं कारण शोधत बसू नका, ती त्या भाषेची सवय आहे. जुन्या इंग्रजीत तर आज जिथे इन येतं तिथे पुष्कळदा ऑन यायचं, "अलाइव्ह" हा शब्दच मुळात "ऑन लाइफ" असा होता.

आता कामाचं. पायऱ्या सांगते, पण एक एक करून, सगळ्या एका दिवशी मुलांवर टाकू नका.

पहिली पायरी म्हणजे पर्याय झाकायचे. खरंच हाताने किंवा पट्टीने झाकायचे. कारण पर्याय आधी वाचले की डोक्यात मराठी वाक्य तयार होतं आणि त्यातल्या प्रत्ययाला जोडी शोधायला मन लागतं. त्याऐवजी गाळलेल्या जागेच्या लगेच उजवीकडचा शब्द बघायचा. हे मी मुद्दाम सांगते, कारण मराठीत "घरात", "सोमवारी", "टेबलावर" असं म्हणताना आपण आधी नाम बोलतो आणि प्रत्यय मागून चिकटतो, म्हणजे निवड करायच्या वेळी नाम तोंडातून गेलेलं असतं. इंग्रजीत प्रिपोझिशन आधी येतं आणि नाम नंतर, त्यामुळे डावीकडून वाचत आलेलं मूल रिकाम्या जागेपाशी थांबतं तेव्हा त्याच्याकडे माहितीच अपुरी असते. उजवीकडे दोन-तीन शब्द पुढे जाऊन मग मागे यायचं, ही सवय लागली की निम्मा गोंधळ कमी होतो.

दुसरी पायरी, उजवीकडे वेळ दिसली तर तिचा आकार बघायचा. घड्याळातली वेळ किंवा एखादा क्षण असेल तर ॲट: ॲट सेव्हन, ॲट नून, ॲट मिडनाईट. पूर्ण दिवस किंवा तारीख असेल तर ऑन: ऑन फ्रायडे, ऑन नाइन्टीन्थ डिसेंबर. दिवसापेक्षा मोठं काही असेल, महिना, ऋतू, वर्ष, शतक, तर इन: इन डिसेंबर, इन द मॉन्सून, इन १९६१. दिवसाचे भाग, मॉर्निंग, आफ्टरनून, ईव्हनिंग, हे दिवसापेक्षा लहान असूनही इन घेतात, तेवढं लक्षात ठेवायचं. नाईट एकटं आलं तर ॲट.

मुलांना मी गोव्याच्याच तारखा देते म्हणजे त्या डोक्यात राहतात. गोवा मुक्त झाला ऑन १९ डिसेंबर १९६१, म्हणजे तारीख आहे म्हणून ऑन, पुढे वर्ष चिकटलेलं असलं तरी ऑनच. नुसतं वर्ष असेल तर इन १९६१. घटक राज्य झालं ऑन ३० मे १९८७, नाहीतर इन मे १९८७, नाहीतर इन १९८७. मराठीत आपण "१९ डिसेंबरला", "डिसेंबरमध्ये", "१९६१ साली" असं म्हणतो, म्हणजे इथे आपल्याकडेही तीन वेगळ्या तऱ्हा आहेत आणि त्या इंग्रजीशी बऱ्यापैकी जुळतात सुद्धा, त्यामुळे इथे मुलं फारशी चुकत नाहीत. चुकतात ती "ई"च्या जागीच.

परीक्षेत सगळ्यात जास्त मार्क जातात ते दोन आकार एकत्र आले की. "वी गो टू म्हापसा मार्केट ___ फ्रायडे मॉर्निंग." मूल मॉर्निंग बघतं आणि इन टाकतं, आणि पेपर काढणाऱ्याने इन पर्यायात ठेवलेलाच असतो त्याच्यासाठी. इथे नियम असा की वाराचं किंवा तारखेचं नाव आलं की तेच जिंकतं. ऑन फ्रायडे मॉर्निंग. नुसतं "द मॉर्निंग" असेल तर इन. अजून एक खूण, इन लागतं तेव्हा मॉर्निंगच्या आधी "द" असतो, आणि नाईटला "द" नसला की ॲट असतं. जागेनंतर लगेच "द" आहे की नाही हे बघितलं तरी पुष्कळदा उत्तर हातात येतं. "इन द नाईट" पण इंग्रजीत आहे, रात्रीतून कधीतरी अशा अर्थी, म्हणूनच त्या "द"वर बोट ठेवायला शिकवा.

तिसरी पायरी लहानशी आहे. उजवीकडे लास्ट, नेक्स्ट, धिस किंवा एव्हरी दिसला तर तिथे काहीच येत नाही. "आय मेट हर लास्ट संडे", मध्ये ऑन नाही. मराठीत "पुढच्या रविवारी" म्हणताना ई जात नाही म्हणून मुलांना रिकामी जागा रिकामी सोडायला भीती वाटते. पर्यायांत काट किंवा "नो प्रिपोझिशन" असं असेल तर आधी ही खूण तपासा.

आता जरा वेगळी गोष्ट, इथे मराठी इंग्रजीपेक्षा बारीक आहे. "मी दोन तासांत काम संपवलं" आणि "मी दोन तासांनी परत येते", आपल्याला हा फरक लहानपणापासून माहीत असतो, तासांत म्हणजे तेवढा वेळ खर्च करून आणि तासांनी म्हणजे तेवढा वेळ गेल्यावर. इंग्रजी दोन्हीला इन वापरतं: "आय फिनिश्ड इट इन टू अवर्स", "आय विल बी बॅक इन टू अवर्स". दुसऱ्या वाक्यात मुलं हमखास आफ्टर निवडतात, आणि त्यांचं मराठी बघता ते समजण्यासारखं आहे, पण आत्तापासून मोजून पुढे इतक्या वेळाने असं असेल, म्हणजे क्रियापदात विल आहे, तर वर्कशीटला इन हवं असतं.

पासून आणि पर्यंत हे दोन शब्द मात्र खरे त्रासदायक. मराठीत पासून एकच, इंग्रजीत त्याचे सिन्स, फॉर आणि फ्रॉम होतात. "मी दोन वर्षांपासून इथे राहते" हे मराठीत बिनचूक आहे, म्हणून शाळेतच काय ऑफिसातही लोक "सिन्स टू इयर्स" लिहितात. यासाठी माझ्याकडे एक मराठीतलीच परीक्षा आहे आणि ती मुलांना फार पटते. वाक्यात "पासून"च्या जागी "गेली" घालून बघायचं. "गेली दोन वर्षं मी इथे राहते", जमलं, म्हणजे तो काळाचा लांबपणा आहे, फॉर टू इयर्स. "गेला सोमवार मी आजारी आहे", नाही जमलं, म्हणजे तो सुरुवातीचा बिंदू आहे, सिन्स मंडे. फ्रॉम कधी? जेव्हा दुसरं टोकही दिलेलं असतं, किंवा हॅज-हॅव असलं काही क्रियापदात नसतं. गोव्यात ट्रॉलरची मासेमारी दरवर्षी १ जून ते ३१ जुलै बंद असते, एकसष्ट दिवस, ते वाक्य फ्रॉम १ जून टू ३१ जुलै असं होतं, आणि त्याच गोष्टीला लांबी द्यायची तर फॉर सिक्स्टी-वन डेज. आणि जुलैच्या मध्ये उभं राहून कोणी म्हणेल की होड्या १ जूनपासून धक्क्याला आहेत, तर तिथे हॅव बीन आलं, म्हणून सिन्स.

पर्यंतचे दोन तुकडे होतात, बाय आणि अंटिल (टिल म्हणजे अंटिलच). "पाचपर्यंत थांब" आणि "पाचपर्यंत ये", मराठीत शब्द तोच. पण पहिल्यात थांबणं पाच वाजेस्तोवर चालूच राहतं, दुसऱ्यात येणं एकदाच होतं, पाचच्या आधी कधीही. क्रिया ताणून धरलेली असेल तर अंटिल, एकदा होऊन संपणारी असेल तर बाय. क्रियापद बघा: वेट, स्टे, स्लीप, वर्क, बी क्लोज्ड यांच्यासोबत अंटिल, फिनिश, सबमिट, रिटर्न, रीच, अराइव्ह यांच्यासोबत बाय. मी मुलांना हवेत हात फिरवून दाखवायला लावते, क्रिया ओढत न्यायची असेल तर लांब रेघ, संपवायची असेल तर टिंब. रेघ आली की अंटिल. एक सापळा आहे, नकार आला की टिंबवाल्या क्रियापदालाही अंटिल लागतं: "द फेरी डझन्ट लीव्ह अंटिल सेव्हन", आपण म्हणू सात वाजल्याशिवाय फेरीबोट सुटत नाही. मराठीत वेळेसोबत "वाजल्याशिवाय" आलं की इंग्रजीत नॉट-अंटिल.

जागेची प्रिपोझिशन्स वेळेपेक्षा अवघड आहेत असं माझं मत आहे, कारण वेळेत निदान आकार मोजता येतो. जागेत प्रत्येक भाषा वेगळ्या गोष्टीकडे बघते. हे नीट समजायला वर्कशीट बाजूला ठेवून दोन मिनिटं स्वतःच्या घरात बघा.

अंगठी कुठे असते? बोटात. चप्पल? पायात. खरं तर बोट अंगठीच्या आत असतं, अंगठी बोटाच्या आत नाही, पण आपण बोटात अंगठी म्हणतो आणि कोणाला खटकत नाही. इंग्रजी म्हणतं ऑन द फिंगर, ऑन युअर फीट, कारण त्यांना दिसतं ते अंगाला बाहेरून लागून असणं. कुलूप कुठे? दाराला. इंग्रजीत ऑन द डोअर. आता अंगणातलं आंब्याचं झाड बघा. झाडाला आंबे आहेत आणि झाडावर पक्षी आहेत. आंब्याला "ला" आणि पक्ष्याला "वर", कारण आंबा झाडाला चिकटलेला आहे, देठाने लटकतोय, पक्षी मात्र नुसता येऊन बसलाय, उडून जाईल. हा फरक आपण न शिकता करतो, आणि गंमत नाही, खरंच विचार करण्यासारखं आहे की डच लोकही असाच फरक करतात: टेबलावरच्या कपाला त्यांचा एक शब्द, ओप, आणि भिंतीला टांगलेल्या चित्राला दुसरा, आन. इंग्रजीत कपही ऑन आणि चित्रही ऑन. आंबेही ऑन द ट्री. पण पक्षी? पक्षी इन द ट्री, कारण इंग्रजीला तिथे फांद्या-पानांचा एक घुमट दिसतो आणि पक्षी त्याच्या आत असतो. एका फांदीचं नाव घेतलं तर ऑन अ ब्रँच.

आणि तिकडे पोर्तुगीज. गोव्यातल्या ज्या म्हाताऱ्या माणसांचं शिक्षण पोर्तुगीजमध्ये झालं त्यांना विचाराल तर सांगतील, टेबलावर म्हणजे "ना मेझा" आणि खणात म्हणजे "ना गावेता". दोन्हीला "ना". आत आणि वर हा फरक, जो आपल्याला नि इंग्रजांना इतका उघड वाटतो, तो तिथे नेहमीच्या बोलण्यात करावाच लागत नाही, एक शब्द दोघांचं काम करतो. मुद्दाम सांगायचंच असेल तर जास्तीचे शब्द घालून सांगता येतं. हे मी वर्गात सांगते तेव्हा मुलांचा चेहरा बदलतो, कारण त्यांना कळतं की "वर" म्हणजे ऑन आणि "त" म्हणजे इन असं कोष्टक मुळात होऊच शकत नाही. वस्तू तीच, जागा तीच, फक्त प्रत्येक भाषा वेगळी गोष्ट मोजते, कोणी चिकटलेलं आहे का ते, कोणी आत आहे का ते, कोणी दोन्ही एकत्र.

मग वर्कशीटमध्ये करायचं काय? चौथी पायरी: उजवीकडे जागा दिसली तर स्वतःला विचारायचं की वाक्यात ती जागा कशी वापरली आहे. चारी बाजूंनी वेढणारी असेल तर इन: इन द बॉक्स, इन द रूम, इन गोवा. पृष्ठभाग किंवा रेषा असेल तर ऑन: ऑन द वॉल, ऑन द रिव्हर, ऑन द सेकंड फ्लोअर. नकाशावरच्या टिंबासारखी असेल, माणूस तिथे काहीतरी कामाला गेलाय एवढंच सांगायचं असेल, तर ॲट: ॲट द बस स्टॉप, ॲट होम, ॲट द डोअर. मराठीत स्टॉपला "वर" लागतं, घराला "ई", दाराला "त", आणि इंग्रजीत तिन्हीला ॲट, म्हणजे वेळेच्या अगदी उलटा प्रकार झाला, तिथे आपला एक त्यांचे तीन, इथे आपले तीन त्यांचा एक.

वाहनांचं वेगळं आहे आणि ते प्रत्येक वर्कशीटमध्ये असतंच. ज्यात उभं राहून चालता येतं ते ऑन: बस, ट्रेन, विमान, फेरीबोट. ज्यात वाकून शिरून बसावं लागतं ते इन: कार, टॅक्सी, रिक्षा. ज्यावर टांग टाकून बसतो तेही ऑन, सायकल, स्कूटर. मराठीत बसमध्ये म्हणतो, "बसवर" म्हटलं तर माणूस टपावर बसलाय असं वाटेल, म्हणून ऑन द बस लिहिताना मुलांचा हात अडतो. चोडणला जाणारी रायबंदरची फेरी बघितलेल्या मुलांना मी विचारते, फेरीत तू चालत फिरतोस ना, स्कूटर लावून रेलिंगपाशी जातोस ना? मग ऑन द फेरी. ते परत विसरत नाहीत.

आणि रस्ता. पणजीत अठरा जून रोड आहे, मुलांना पक्का माहीत असतो. एकदा मी मुद्दाम प्रश्न काढला: "द शॉप इज ___ एटीन्थ जून रोड." बहुतेकांनी ऑन लिहिलं आणि बरोबर आलं, पण कारण विचारलं तर म्हणाले तारीख आहे म्हणून. तारीख आहे खरी, १८ जून १९४६ला लोहियांनी मडगावात सभा घेतली त्याची आठवण म्हणून ते नाव, पण इथे ऑन आलंय ते रस्ता आहे म्हणून, रस्ता म्हणजे रेषा. जागेच्या शेवटचा शब्द रोड आहे हे बघायला हवं. म्हणूनच पहिल्या पायरीत म्हटलं की दोन-तीन शब्द पुढे जा, एकावर थांबू नका. बरोबर उत्तराचं कारण चुकीचं असेल तर पुढच्या प्रश्नात ते उलटतं, त्यामुळे शिकवणाऱ्याने बरोबर आलेल्या उत्तराचंही कारण विचारत जावं.

आता एक अख्खं वर्कशीट सोडवून दाखवते, मी जुन्या गोव्याच्या फेस्तावर बनवलेलं आहे.

"द फीस्ट इज ___ थर्ड डिसेंबर." उजवीकडे तारीख, ऑन. "द नोव्हेनाज बिगिन ___ नोव्हेंबर." नुसता महिना, इन. इथे एका मुलाने ऑन लिहिलं, कारण त्याला २४ तारीख माहीत होती आणि त्याने मनात ती घातली, पण वाक्यात तारीख नाही, जे छापलंय तेच मोजायचं. "मेनी पीपल वॉक टू ओल्ड गोवा ___ नाईट." द नाही, ॲट. "वी लेफ्ट फोंडा ___ हाफ पास्ट फाइव्ह ___ द मॉर्निंग." दोन जागा आहेत, प्रत्येकीचा उजवा शब्द वेगळा, पहिली घड्याळ म्हणून ॲट, दुसरी "द" सकट मॉर्निंग म्हणून इन. मराठीत "पहाटे साडेपाच वाजता" म्हणतो, क्रमसुद्धा उलटा, तेव्हा इथे मराठी मनात आणूच नका.

"वी वेअर ___ द बस व्हेन द टायर बर्स्ट." उभं राहून चालता येतं, ऑन. "वी अराइव्ह्ड ___ द चर्च लेट." अराइव्हला टू कधीच लागत नाही, हे वेगळं पाठ करा, कारण आपल्याकडे "चर्चला पोचलो" मधला "ला" मुलांना टू वाटतो. अराइव्ह ॲट इमारतीला, स्टेशनला. अराइव्ह इन शहराला, देशाला. म्हणून इथे ॲट. रीचला तर काहीच लागत नाही.

"माय आँटी हॅज लिव्ह्ड देअर ___ १९९८." "गेलं १९९८ राहते" होत नाही, म्हणून सिन्स. "वी हॅड टू बी होम ___ नाइन, सो वी लेफ्ट अर्ली." या प्रश्नात निम्मी मुलं अंटिल लिहितात, कारण बी हे ताणलं जाणारं क्रियापद वाटतं. पण पुढचा तुकडा वाचा, लवकर निघालो, म्हणजे नऊच्या आधी घरी पोचायचं होतं, ते टिंब आहे, बाय. पर्याय दोन्ही व्याकरणात बसत असतील तेव्हा स्वल्पविरामानंतरचं वाक्य निकाल देतं, पेपर काढणाऱ्याने ते उगाच लिहिलेलं नसतं. "वी आर गोइंग अगेन ___ नेक्स्ट संडे." काही नाही.

शेवटचा प्रश्न होता, "देअर वॉज अ क्रो ___ द ट्री." मुलांनी इन लिहिलं, कारण मी तसं शिकवलं होतं. आणि मग एकाची आई मला भेटली, हातात दुसरं एक छापील वर्कशीट, त्याच्या उत्तरांत असंच वाक्य आणि उत्तर ऑन. असं होतं, लपवण्यात अर्थ नाही. भारतात छापलेल्या कित्येक वर्कशीटमध्ये पक्ष्यालाही ऑन द ट्री दिलेलं असतं. वीकेंडला ब्रिटनमध्ये ॲट आणि अमेरिकेत ऑन. "स्ट्रीट"ला ब्रिटनमध्ये इन, अमेरिकेत ऑन. जुन्या व्याकरणाच्या पुस्तकांत मोठ्या शहराला इन आणि गावाला ॲट असा नियम आहे, म्हणजे इन मुंबई पण ॲट मंगेशी, आजच्या इंग्रजीत गावाला पण सर्रास इन म्हणतात, तरी काही पेपरांत तो जुना नियम अजून विचारतात.

अशा वेळी मी काय करते सांगते. प्रत्येक मुलाच्या वहीचं शेवटचं पान मी या भांडणांसाठी ठेवलंय. तिथे वाक्य लिहायचं, आपलं उत्तर लिहायचं, छापील उत्तर लिहायचं, आणि शाळेच्या टीचरना विचारून त्या शाळेत कोणतं धरतात ते पुढे लिहायचं. वर्षभरात सात-आठ ओळींच्या वर ते पान भरत नाही. परीक्षेच्या आदल्या रात्री तेवढंच वाचायचं. कावळ्याच्या ओळीपुढे त्या मुलाच्या टीचरनी "दोन्ही चालतील" असं लाल पेनाने लिहून दिलंय.